वक्र कधी सरकतो आणि कधी जागेवरच राहतो? हापूस, मासळी आणि बारावीचे आलेख

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांसाठी आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठीही. ऐकताना कागद, पेन्सिल आणि पट्टी जवळ असू दे. गाडी चालवत असाल तर घरी पोचल्यावर ऐका, कारण आज खरंच आकृत्या काढायच्या आहेत.

विषय आहे मागणी आणि पुरवठ्याच्या आलेखांचा सराव. रत्नागिरीत आम्ही जे सराव संच वापरतो, त्यात प्रत्येक प्रश्नाचे दोन भाग असतात. एक, आकृती काढा. दोन, वक्र सरकला असेल तर का सरकला आणि सरकला नसेल तर का नाही, ते तीन वाक्यांत लिहा. दोन्ही भागांना सारखेच गुण. मुलं आधी कुरकुरतात, कारण त्यांना एक तर आकृती हवी असते, नाहीतर व्याख्या. पण यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर पाठ करता येते. दोन समांतर रेषा, मध्ये एक बाण, 'मम' आणि 'म१म१' अशी नावं, झाली आकृती! व्याख्याही पाठ होते. गडबड कळते ती दोन्ही एकाच प्रसंगावर एकत्र मागितल्यावर.

आधी शब्द पक्के करू. आपल्या पाठ्यपुस्तकात मागणीतल्या हालचालीचे दोन प्रकार आहेत. मागणीतील विचलन, म्हणजे विस्तार आणि संकोच. आणि मागणीतील बदल, म्हणजे वृद्धी आणि ऱ्हास. विचलनात आपण त्याच वक्रावर खाली-वर जातो. बदलात अख्खा वक्र उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो. इथे आपली भाषाच मुलांना जरा गोत्यात आणते. घरी-बाजारात आपण विस्तारालाही 'मागणी वाढली' म्हणतो आणि वृद्धीलाही 'मागणी वाढली'च म्हणतो. वर्तमानपत्रातही तेच. म्हणून आमच्या संचात एक नियम आहे: उत्तरात 'वाढली' आणि 'घटली' हे शब्द मागणी-पुरवठ्यासाठी वापरायचे नाहीत. चारपैकी एक नेमका शब्द निवडायचा. हा नियम कडक वाटतो, पण निम्म्या चुका तिथेच उघड्या पडतात.

आता मुख्य मुद्दा. आकृतीत दोन अक्ष आहेत. क्ष अक्षावर नगसंख्या, य अक्षावर किंमत. जे अक्षावर आहे, ते वक्रात आधीच धरलेलं आहे. किंमत ४०० झाली तर किती, ८०० झाली तर किती, ही सगळी उत्तरं त्या एका रेषेत आहेत. म्हणून त्या वस्तूची किंमत बदलल्याने रेषा हलत नाही, आपण फक्त रेषेवरच्या दुसऱ्या बिंदूवर जातो. रेषा हलते ती कागदावर कुठेच न दिसणाऱ्या कारणाने. पाऊस, गिऱ्हाइकाचं उत्पन्न, सण, दुसऱ्या वस्तूची किंमत, उद्याचा अंदाज. पुस्तकात 'इतर परिस्थिती स्थिर असताना' असं लिहिलेलं असतं ना, त्यातली ही 'इतर परिस्थिती'.

संचातला पहिलाच प्रश्न घेऊ. 'फेब्रुवारीत अवकाळी पावसाने हापूसचा मोहोर गळला. एप्रिल महिन्यातील बाजारावर होणारा परिणाम आकृतीत दाखवा आणि कारण लिहा.' सोबत एक तक्ता दिलेला असतो. आकडे सरावासाठी बनवलेले आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. लिहून घ्या.

| एका डझनाची किंमत (रुपये) | मागणी (डझन) | पावसाआधीचा पुरवठा (डझन) | पावसानंतरचा पुरवठा (डझन) |
|---|---|---|---|
| ४०० | ५०० | १०० | ० |
| ५०० | ४०० | २०० | ० |
| ६०० | ३०० | ३०० | १०० |
| ७०० | २०० | ४०० | २०० |
| ८०० | १०० | ५०० | ३०० |

पावसाआधीचे दोन वक्र काढा. मागणी आणि पुरवठा ६०० रुपयांना छेदतात, ३०० डझनांवर. हा आपला पहिला संतुलन बिंदू. आता मोहोर गळला. ५०० आणि त्यावरच्या प्रत्येक किमतीला बागायतदार आधीपेक्षा २०० डझन कमी आणू शकतो. शेवटच्या रकान्यातले बिंदू जोडा. नवा पुरवठा वक्र जुन्याच्या डावीकडे आला. हा पुरवठ्यातील ऱ्हास. कारण? पाऊस. पाऊस कुठल्या अक्षावर आहे का? नाही. म्हणून वक्र सरकला.

पुढे काय होतं? ६०० रुपयांना गिऱ्हाइकाला अजूनही ३०० डझन हवेत, पण बाजारात आलेत १००. दोनशे डझनांचा तुटवडा. भाव चढू लागतो. ७०० ला पोचल्यावर गिऱ्हाइकाला २०० हवेत आणि माल आहे २००. तिथे भाव ठरतो.

आता वहीत सर्रास दिसणारं उत्तर ऐका. 'पाऊस पडला म्हणून पुरवठा कमी झाला. त्यामुळे किंमत वाढली. किंमत वाढल्यामुळे मागणी कमी झाली. म्हणून मागणी वक्र डावीकडे सरकला.' ऐकायला प्रत्येक वाक्य बरोबर वाटतं. आणि आकृतीत दोन्ही वक्र डावीकडे गेलेले असतात.

चूक आहे ती शेवटच्या वाक्यात, आणि ती तक्त्यावर सिद्ध करता येते. मागणीच्या रकान्यात बोट ठेवा. पाच आकडे आहेत. पावसाने त्यातला कुठला बदलला? एकही नाही. ६०० ला आजही ३००, ७०० ला आजही २००. गिऱ्हाईक ३०० वरून २०० वर आलं ते भाव ७०० झाला म्हणून, त्याच रकान्यात एक ओळ खाली उतरून. हा मागणीतील संकोच. वक्र जागेवर.

तरीही कोणी म्हणालं, 'सरकवला तर काय बिघडलं?', तर सरकवूनच बघायचं. समजा मागणी वक्र १०० डझनांनी डावीकडे नेला. म्हणजे ६०० ला २००, ७०० ला १००. नव्या पुरवठ्याशी तो छेदतो ६५० रुपयांना, १५० डझनांवर. म्हणजे भाव ७०० वरून ६५० वर उतरला. मग त्याच तर्काने म्हणावं लागेल की भाव उतरला म्हणून मागणी वाढली, वक्र उजवीकडे न्या. मग भाव पुन्हा चढला, पुन्हा डावीकडे. ही आकृती कधी थांबणारच नाही. वर्गात एकदा हे फळ्यावर करून दाखवलं की मुलं हसतात, आणि मग ती गोष्ट डोक्यात बसते. भावाला वक्र सरकवू दिलात तर उत्तराला मुक्कामच उरत नाही.

याच आकृतीत एक छोटी गंमत आहे, बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पावसानंतरच्या वक्रावर ६०० ला १०० डझन येणार होते, ७०० ला २०० आले. म्हणजे भाव चढल्यावर पुरवठ्यात विस्तारही झाला, पण नव्या वक्रावर. एकाच प्रश्नात आधी ऱ्हास, मग विस्तार. पुरवठा एकूण ३०० वरून २०० वर आला, त्यात दोन्ही पावलं मिसळलेली आहेत.

म्हणून कारण लिहिण्याची आमची पद्धत अशी. पहिल्या वाक्यात अक्षाबाहेरचं कारण आणि ते कोणाच्या वागण्यावर चालतं, विकणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या. दुसऱ्या वाक्यात एक किंमत धरून आधीची आणि आताची नगसंख्या: '६०० रुपयांना आधी ३०० डझन, आता १००.' तिसऱ्यात भाव कुठून कुठे गेला आणि त्यामुळे दुसऱ्या वक्रावर कोणतं विचलन झालं. पहिलं वाक्य आकृती काढण्याआधी लिहायचं. हे महत्त्वाचं आहे. आकृती आधी काढली की हात सवयीने दोन रेषा ओढतो, आणि मग मेंदू त्या दुसऱ्या रेषेसाठी कारण शोधत बसतो.

दुसऱ्या वाक्यातली 'एक किंमत धरून' ही अट का, तेही सांगते. पुरवठा वक्र डावीकडे सरकला की डोळ्यांना तो वर गेल्यासारखा दिसतो. रेषा चढती आहे, त्यामुळे डावीकडे आणि वर ही एकच हालचाल दिसते. मग मुलं लिहितात, 'वक्र वर गेला म्हणजे पुरवठ्यात वृद्धी.' नेमकं उलट. मागणीच्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण उतरत्या रेषेचं उजवीकडे जाणं आणि वर जाणं दोन्ही वृद्धीच सांगतं. म्हणून मागणीत बरोबर आलेलं मूल पुरवठ्यात चुकतं. उपाय सोपा आहे: पट्टी आडवी धरा, एका किमतीवर ठेवा, आणि दोन वक्र पट्टीला कुठे कापतात ते बघा. वर-खाली बघायचंच नाही.

या गोंधळामागे आणखी एक जुनी गोष्ट आहे. गणितात आपण ज्यावर दुसरं अवलंबून असतं ते क्ष अक्षावर घेतो. इथे नगसंख्या किमतीवर अवलंबून, तरी किंमत उभ्या अक्षावर. ही रीत रूढ झाली ती मुख्यतः आल्फ्रेड मार्शल यांच्या आकृत्यांमुळे. त्यांचा 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' १८९० साली आला आणि तेव्हापासून पुस्तकं तशीच चालत आली. गणितात हुशार असलेली मुलं इथे अडखळतात, तेव्हा त्यांना हे सांगून टाकावं. दोष त्यांचा नाही.

आता मासळीकडे वळू. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवसांची असते. यांत्रिक नौका बंद, पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना सूट. मिरकरवाड्याला नौका किनाऱ्याला लागतात. संचातला प्रश्न: 'बंदीच्या काळात ताज्या मासळीचा भाव चढला. (अ) ताज्या मासळीची, (आ) सुक्या मासळीची आणि कोंबडीची आकृती काढा.'

इथे एकाच वाक्यातून दोन वेगळी उत्तरं निघतात. ताज्या मासळीच्या आकृतीत बंदीमुळे पुरवठ्याचा ऱ्हास, भाव वर, मागणीत संकोच. मागणी वक्र हलला नाही. पण सुक्या बांगड्याच्या, सोड्यांच्या किंवा कोंबडीच्या आकृतीत? तिथल्या य अक्षावर कोंबडीची किंमत आहे. ताज्या मासळीचा भाव त्या कागदावर नाहीच. म्हणून तो बाहेरचं कारण ठरतो आणि कोंबडीचा मागणी वक्र उजवीकडे जातो. 'किमतीमुळे वक्र सरकत नाही' एवढंच पाठ केलेलं मूल इथे हमखास फसतं. 'त्या वस्तूच्या स्वतःच्या किमतीमुळे' हे चार शब्द पाठ करताना गळलेले असतात. जाता जाता, मार्शल यांनीही आपल्या ग्रंथात मासळीचंच उदाहरण घेतलंय: गुरांमध्ये साथ येऊन मांस दुर्मीळ झालं तर मासळीची मागणी कशी चढेल. आपल्याकडे ते उलट बाजूने घडतं, एवढंच.

पावसाचाच आणखी एक प्रश्न. मला तो फार आवडतो, कारण त्यात एकच एक उत्तर नाही. 'मेच्या तिसऱ्या आठवड्यात हवामान खात्याने वादळी पावसाचा इशारा दिला. पाऊस अजून आलेला नाही. आजचा आंबा बाजार काढा.' मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ ऐन हंगामात कोकण किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हापासून हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

बहुतेक मुलं 'पाऊस' वाचतात आणि पुरवठा डावीकडे नेतात. फेब्रुवारीच्या प्रश्नाची सवय! पण विचार करा, इशारा ऐकल्यावर बागायतदार काय करतो? झाडावरचा तयार फळ पडून जाण्याआधी काढतो. आज बाजारात माल जास्त येतो. आजचा पुरवठा वक्र उजवीकडे. आणि पाऊस पडून गेल्यावर पुढच्या आठवड्याचा वक्र डावीकडे. शिवाय पाऊस लागलेल्या आंब्याला गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणजे पुढच्या आठवड्यात मागणीचाही ऱ्हास. एकाच पावसाने तीन हालचाली, त्याही दोन वेगवेगळ्या दिवसांच्या बाजारात. म्हणून पहिल्या वाक्यात 'कोणाच्या वागण्यावर' यासोबत 'कोणत्या दिवशी' हेही लिहायला लावतो. 'पाऊस म्हणजे डावीकडे' अशी यादी पाठ करून हा प्रश्न सुटत नाही.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. आपण तक्त्यात पुरवठ्याची छान चढती रेषा घेतली. पण पिकत आलेला आंबा सकाळी बाजारात आला, की त्या दिवसापुरता पुरवठा जवळजवळ ठरलेला. भाव पडला म्हणून पेटी परत झाडाला लावता येत नाही. त्या एका दिवसाचा पुरवठा वक्र उभाच काढायला हवा, आणि मग मागणी जराशी सरकली तरी सगळा फरक भावात दिसतो. पूर्ण हंगाम धरला तर भाव बघून तोडणी लवकर-उशिरा करता येते, माल कॅनिंगला वळवता येतो, म्हणून रेषा तिरकी होते. परीक्षेत कालावधी सांगितलेला नसेल तर पुस्तकातली चढती रेषाच काढा. पण वहीत एकदा तरी दोन्ही काढून बघा. वक्र दरवेळी अगदी समांतर सरकतो हेही सोयीसाठीच. आपल्या तक्त्यात जवळपास सगळीकडे २०० वजा केले, बागेत तसं होत नाही.

शेवटचा प्रश्न दोन वक्र खरंच सरकतात त्याचा. काही वर्षी श्रावण जुलै संपण्याआधीच लागतो. म्हणजे बंदी चालू आहे, आणि बरीच घरं मासळी खात नाहीत. पुरवठ्याचा ऱ्हास बंदीमुळे, मागणीचा ऱ्हास श्रावणामुळे. दोन्ही कारणं अक्षाबाहेरची, म्हणून इथे दोन रेषा सरकवणं बरोबर आहे. पहिल्या प्रश्नात चुकीची ठरलेली आकृती इथे योग्य ठरते! हे दोन प्रश्न आम्ही मुद्दाम समोरासमोरच्या पानांवर ठेवतो. आकृत्या सारख्या दिसतात, निकाल कारणाच्या वाक्यावर लागतो.

पण भावाचं काय? एक आकृती अशी काढा की पुरवठा खूप सरकला आणि मागणी थोडीच. नवा छेदनबिंदू जुन्याच्या वर येतो, भाव चढला. दुसरी काढा, मागणी खूप सरकली आणि पुरवठा थोडा. भाव उतरला. तिसरीत दोन्ही सारखे सरकवा, आणि आपल्या तक्त्यासारख्या रेषा असतील तर भाव जागेवर. तिन्ही आकृत्यांत एकच गोष्ट कायम: नगसंख्या कमी झाली. म्हणून योग्य उत्तर असं: 'विक्री निश्चित घटेल. भाव कोणता ऱ्हास मोठा यावर अवलंबून.' मुलांना असं लिहायची भीती वाटते, उत्तर अर्धवट दिसेल म्हणून. पण फक्त 'भाव वाढेल' लिहिलं तर दिलेल्या माहितीत नसलेली गोष्ट तुम्ही आपल्या पदरची घातलीत. तपासताना आम्ही इथे दोन आकृत्या मागतो, एक भाव चढल्याची आणि एक उतरल्याची. एकच काढली तर पूर्ण गुण नाहीत.

या आठवड्यासाठी एक प्रश्न देऊन ठेवते. एप्रिलच्या सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणतं, 'आता नको, मेमध्ये आंबा उतरेल तेव्हा घेऊ.' एप्रिलच्या आजच्या बाजारात मागणीचा संकोच होईल की ऱ्हास? वाक्यात किमतीचा विषय आहे म्हणून घाई करू नका. ती कोणत्या दिवसाची किंमत आहे, आणि तुमच्या य अक्षावर कोणत्या दिवसाची लिहिली आहे, ते आधी बघा. तीन वाक्यं, एक आकृती, आणि पट्टी आडवी.